पहिल्यांदा विमानात बसलो, फोटोला कॅप्शन काय टाकू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावहून विमानं सुरू झाल्यापासून ओळखीतले बरेच जण मला फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, काहीतरी छान लिहून दे ना. विमानतळ तसा 2012 पासून आहे, प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्याच हस्ते उद्घाटन झालं, पण नेहमी जाणारी विमानं मध्ये सुरू व्हायची, मध्ये बंद पडायची. 2024 मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी परत सुरू झाली आणि आपल्याकडची कितीतरी घरं पहिल्यांदा विमानात बसली. सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतोय.

पहिल्यांदाच बसलो हे लिहू का? लोक म्हणतील याला आत्ता विमान दिसलं.

लिहा, आणि पहिल्याच ओळीत लिहा. तुमच्या फोटोत विशेष काय आहे तर तेच आहे. रोज उडणाऱ्या माणसाच्या खिडकीच्या फोटोला कोणी थांबून बघत नाही, पण पारोळ्याचा एखादा कापसाचा व्यापारी चाळिशीत पहिल्यांदा विमानाच्या पायरीवर उभा आहे हे कळलं की गावातले लोक फोटो मोठा करून बघतात, कारण त्यातल्या निम्म्यांना पण बसायचंय आणि कसं वाटतं ते जाणून घ्यायचंय. "पहिल्यांदा" हा शब्द लपवून नुसतं "पुणे कॉलिंग" टाकलं की फोटो कुणाचाही होतो.

भीती पण वाटली आणि मजा पण आली. दोन्ही एकाच कॅप्शनमध्ये कसं आणायचं?

माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नात आहे. बहुतेक जण लिहितात "थोडी भीती, थोडी एक्साइटमेंट", आणि वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण ते कुठल्याही गोष्टीला चालतं, दहावीच्या रिझल्टला पण आणि मुलगी बघायला जाण्याला पण.

त्यापेक्षा असं करा, भीतीचा शब्द लिहायचाच नाही, भीती वाटली तेव्हा तुम्ही काय केलं ते लिहायचं. हात कुठे होता, डोळे उघडे होते का मिटले होते, शेजारच्याला काही विचारलं का, कोणत्या देवाचं नाव घेतलं. मजेचं पण तसंच, मजा आली असं न म्हणता त्यावेळी काय केलं ते. आणि दोन्ही गोष्टी ज्या क्रमानं झाल्या त्याच क्रमानं ठेवायच्या, आधी भीती मग मजा, बहुतेकांचं तसंच होतं. एक वाक्य याचं, एक त्याचं, झालं कॅप्शन.

अडचण एवढीच की लोकांना नेमका क्षण आठवत नाही. सगळं छातीच्या धडधडीत निघून जातं आणि उतरल्यावर विचारलं तर म्हणतात "मस्त होतं". म्हणून पुढचा प्रश्न जरा लांब लिहितो.

मला तर काही कळलंच नाही, नुसते आवाज येत होते. कोणत्या वेळी काय होतं?

जळगावहून जी विमानं जातात ती बहुतेक एटीआर 72 जातीची, पंख्याची विमानं. साधारण सत्तर माणसं बसतात, दोन्ही बाजूला दोन-दोन सीट, पंख वरच्या बाजूला आणि त्याला लटकलेली दोन इंजिनं, प्रत्येकावर सहा पात्यांचा पंखा. चढायचं दार मागे असतं, शेपटीकडे, पुढून सामान भरतात. हे माहीत असलं की आवाजांचा अर्थ लागतो आणि तुमचा क्षण कोणता होता ते सापडतं.

पहिला क्षण, धावपट्टीच्या टोकाला विमान येतं, पंख्यांचा आवाज एकदम वाढतो आणि पाठ सीटला चिकटते. साधारण ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेग आला की नाक वर होतं. धावताना जी खडखड असते, वरचे कप्पे पण हलतात, ती चाकांमुळे असते आणि चाकं जमीन सोडली की ती एकदम थांबते. खूप जणांचा श्वास याच ठिकाणी अडकतो, कारण एवढा आवाज चालू असताना खालून अचानक काहीच जाणवेनासं होतं.

दुसरा क्षण, दोन-चार सेकंदांत खालून धप्प असा आवाज. ते चाकं आत घेतल्याचं. एटीआरची मोठी चाकं पंखात जात नाहीत, पोटाच्या दोन्ही बाजूच्या फुगीर भागात जातात, त्यामुळे मधल्या सीटांवरून खिडकीतून चाक वर येताना चक्क दिसतं. ज्यांना माहीत नसतं त्यांना वाटतं काहीतरी तुटलं.

तिसरा क्षण सगळ्यात फसवा. थोडं वर गेलं की पंख्यांचा आवाज एकदम खाली येतो, सूर बदलतो आणि पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. इंजिन बंद पडलं का काय असं वाटतं! तसं काही नसतं. उडताना पूर्ण जोर लागतो, नंतर चढत राहायला तेवढा लागत नाही, म्हणून वैमानिक जोर कमी करतो, पंख्यांचे फेरे पण कमी होतात आणि पंखांच्या मागच्या झडपा आत घेतल्या जातात. विमान चढतच असतं. पण आपल्या कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो, म्हणून चढण थोडी कमी झाली तरी शरीराला वाटतं आपण पडतोय. मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं की "मी घाबरलो", त्यांना खोदून विचारलं तर बहुतेकांचा क्षण हाच निघाला.

मग वळण येतं. एका बाजूचा पंख खाली जातो, खिडकीत नुसती जमीन दिसते आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत नुसतं आभाळ. इथून पुढे मजा सुरू होते, लोक मोबाईल काढतात. ढगातले धक्के कुणाला लागतात, कुणाला नाही, वातावरणावर आहे, दुपारी ऊन तापलं की खालची गरम हवा वर येते म्हणून उन्हाळ्यात दुपारचं विमान जास्त हलतं.

उतरताना कान बंद झाल्यासारखे होतात, कारण आतल्या हवेचा दाब परत वाढत असतो, आवंढा गिळला किंवा गोळी चघळली की मोकळे होतात. आणि चाकं टेकल्यावर पंख्यांचा जो मोठा आवाज येतो तो ब्रेकचा भाग आहे, पाती उलट बाजूनं जोर लावतात. त्या आवाजाला घाबरून डोळे मिटणारे पण असतात, तेव्हा विमान जमिनीवरच असतं.

आता आठवा, तुमचं काय झालं आणि कोणत्या वेळी. "चाकं आत गेली तेव्हा मी दादाचा हात धरला" हे "खूप भीती वाटली" पेक्षा किती जास्त सांगतं बघा.

एखादं कॅप्शन सुरुवातीपासून करून दाखवा ना.

मागच्या वर्षीचं सांगतो. एरंडोलकडची एक मावशी, लेक पुण्याला, लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं. एरवी मावशी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायची, सकाळी उतरेपर्यंत पाय सुजायचे, म्हणून जावयानं विमानाचं तिकीट काढलं. भाचा सोबत होता. त्यानं मला फोटो पाठवला, मावशी खिडकीशी, डोक्यावर पदर, डोळे गच्च मिटलेले पण ओठावर हसू. त्यानं लिहिलेलं कॅप्शन असं होतं:

"आज मावशीचे स्वप्न सत्यात उतरले. आकाशाला गवसणी. पहिला विमान प्रवास. थोडी भीती थोडा आनंद."

यात चूक काहीच नाही, पण मावशी कुठे आहे यात? कुणाच्याही मावशीला हे चिकटवता येतं. मी त्याला म्हटलं कॅप्शन राहू दे, आधी मावशीला तीन गोष्टी विचार. हातात किंवा जवळ काय होतं, डोळे कधी मिटले, आणि उघडल्यावर पहिलं काय केलं.

उत्तरं आली ती अशी. मावशीनं लेकीसाठी डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा आणला होता, मांडीवर घेऊन बसली होती. एअर होस्टेसनं सांगितलं की उडताना मांडीवर नाही ठेवता येत, पुढच्या सीटखाली सरकवा. (हे सगळ्यांनाच सांगतात, उडताना आणि उतरताना हातातलं सामान सीटखाली किंवा वरच्या कप्प्यात जातं.) मग मावशीनं डबा खाली ठेवला आणि विमान धावायला लागलं तसा दोन्ही पायांनी दाबून धरला. आवाज कमी झाला तेव्हा, म्हणजे तो वर सांगितलेला तिसरा क्षण, तिनं डोळे मिटले, फोटो तेव्हाचा आहे. नंतर भाच्यानं सांगितलं की वावरं दिसतायत बघ, तर तिनं खिडकीला जे कपाळ लावलं ते पार ढग येईपर्यंत काढलंच नाही, काचेवर कुंकवाचा ठिपका राहिला. आणि पुण्याला उतरताना म्हणाली, एवढ्यात आलं? सोबत घेतलेली पोळी-चटणी पिशवीतच राहिली.

एवढं सगळं मिळालं आणि सगळंच कॅप्शनमध्ये कोंबायचा मोह होतो. नाही कोंबायचं. फोटोत काय दिसतंय ते परत लिहायचं नाही, म्हणजे पदर, हसू, खिडकी गेलं. फोटोत न दिसणारं पण फोटो समजावणारं घ्यायचं. भीतीसाठी डबा, मजेसाठी कुंकवाचा ठिपका. पोळी-चटणीची गोष्ट छानच आहे पण ती तिसरी होते, दोन झाल्यावर तिसरी आली की पहिल्या दोघींचा जोर कमी होतो. ती कमेंटमध्ये टाक म्हटलं. शेवटी झालं ते असं:

"मावशी पहिल्यांदा विमानात, जळगाव ते पुणे. विमान वर चढताना डोळे मिटून लाडवांचा डबा दोन्ही पायांनी दाबून धरला होता. डोळे उघडल्यावर खिडकीला असं कपाळ लावलं की काचेवर कुंकू राहिलं."

लाडू कुणासाठी ते पण लिहिलेलं नाही, गरज नाही, घरच्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना लाडू म्हटल्यावर कळतं की कुणाकडे तरी चाललीय. बाळंतपणाचं लिहायचं का हे लेकीनं ठरवायचं, ते भाच्यानं परस्पर जाहीर करायचं नाही.

आईबाबांचा किंवा आजीआजोबांचा फोटो आहे, मी लिहितोय. काय काळजी घेऊ?

त्यांना विचारून टाका आणि टाकायच्या आधी वाचून दाखवा. म्हातारी माणसं विमानात जे करतात त्यावर हसू येतं आपल्याला, सीटबेल्ट सोडता येत नाही, एसीची हवा अंगावर येते म्हणून मफलर बांधतात, पण ते असं लिहायचं नाही की चारचौघात त्यांना ओशाळं वाटेल. साधी परीक्षा आहे, आबांना वाचून दाखवल्यावर ते स्वतः हसले आणि म्हणाले "हो हो, असंच झालं" तर टाका. गप्प बसले तर बदला. आणि जमलं तर त्यांचंच एखादं वाक्य जसंच्या तसं घ्या, ते बोलतात त्या बोलीत. ते आपल्याला सुचणाऱ्यापेक्षा नेहमी चांगलं असतं.

अहिराणीत लिहिलं तर चालेल का? पुण्याच्या मित्रांना कळणार नाही.

चालेल काय, पळेल. घाबरल्यावर माणूस घरच्या भाषेतच बोलतो, आणि गावातल्या माणसाला "वरथून मन्हं वावर केवढंसं दिसनं" वाचल्यावर जे वाटेल ते प्रमाण मराठीतल्या वाक्यानं वाटणार नाही. फक्त दोन गोष्टी. एक, पूर्ण कॅप्शन त्यात लिहायची सक्ती नाही, एक वाक्य अहिराणी आणि बाकी साधी मराठी असं केलं की पुण्याच्या मित्रालाही अंदाज येतो. दुसरं, आपल्या घरात जसं बोलतात तसंच लिहा, धुळ्याकडची आणि जळगावकडची अहिराणी सारखी नाही, आणि रावेर-यावलकडे तर लेवा बोली, तिथं कुणी म्हणेल "मले भेव बी वाटे अन् हासू बी ये". दुसऱ्या तालुक्याची बोली उसनी घेतली की गावातले लगेच पकडतात.

विमानाचा कोणता फोटो निवडू?

जळगावला विमानात चढायला तो बंद बोगद्यासारखा रस्ता नाही, मोकळ्यावरून जाऊन मागच्या दाराच्या पायऱ्या चढायच्या. त्यामुळे पायरीवरचा फोटो सगळे काढतात आणि तो चांगला पण येतो, फक्त तिथले कर्मचारी थांबू देत नाहीत, मागे रांग असते, म्हणून सोबतच्याला आधीच सांगून ठेवा की मी वळेन तेव्हा काढ. "पुढे चला" म्हटलं की चला, फोटोसाठी पंख्याच्या बाजूला तर अजिबात जायचं नाही, आखून दिलेल्या रस्त्यानंच जायचं.

पंखा फिरताना खिडकीतून फोटो काढला तर पाती वाकडी किंवा तुटून हवेत तरंगतायत असं दिसतं. मोबाईल खराब नाही आणि पंखा पण खराब नाही. मोबाईलचा कॅमेरा चित्र एकदम घेत नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीनं घेतो, तेवढ्यात पाती पुढे सरकलेली असतात. असा फोटो टाकलात तर कॅप्शनमध्ये एक शब्द त्याबद्दल टाका नाहीतर अर्ध्या कमेंट "पंखा तुटला का?" अशाच येतात आणि तुमचं राहून जातं.

खिडकीतून काढताना फ्लॅश बंद, मोबाईल काचेच्या अगदी जवळ पण टेकवायचा नाही, टेकवला की इंजिनाची थरथर फोटोत येते. सकाळच्या पुण्याच्या विमानात शक्य असेल तर उजवी खिडकी घ्या. जळगावहून पुणे नैऋत्येला, म्हणजे ऊन डाव्या बाजूनं येतं आणि डावीकडचे फोटो पांढरे पडतात. एटीआरमध्ये पंख वर असल्यामुळे जवळपास सगळ्याच खिडक्यांतून जमीन दिसते, फक्त इंजिनाशेजारच्या रांगांमध्ये ते मध्ये येतं.

पण खरं सांगू का, ढगांच्या फोटोपेक्षा माणसाचा चेहरा असलेला, जरा हललेला, अंधुक फोटो पण चांगला. ढग सगळ्यांचे सारखे.

"35 हजार फुटांवरून" असं लिहू का? भारी वाटतं.

एटीआर तेवढं वर जातच नाही. त्याची कमाल मर्यादा 25 हजार फुटांची आहे आणि पुण्यासारख्या जवळच्या ठिकाणी त्याहून बरंच खालून जातं. 35 हजार वगैरे मोठ्या जेट विमानांचं. कुणीतरी जाणकार कमेंटमध्ये येऊन सांगणार आणि मग सगळी चर्चा त्यावरच. आकडा लिहायचाच असेल तर वैमानिक माईकवर सांगतो तो ऐकून लिहा. नाहीतर उंची अशी लिहा जी गावाला कळते, केळीचे बाग हिरव्या चौकटींसारखे दिसत होते, रस्त्यावरचा ट्रक ओळखू येत नव्हता. हे फुटांपेक्षा लवकर कळतं.

खालचं जे दिसतंय ते नक्की काय आहे कळत नाही. तापी म्हणून टाकू का?

खात्री नसेल तर नदीचं नाव टाकू नका. तापी जळगाव शहराच्या उत्तरेला आहे, पुण्याला जाताना विमान दक्षिणेकडे जातं, त्यामुळे उडून लगेच वळताना कदाचित लांबून दिसेल पण अर्ध्या तासानंतर दिसलेली नदी तापी नसणार. खात्री करायची सोपी युक्ती आहे, घरून निघायच्या आधी मोबाईलच्या नकाशात जळगाव ते पुणे हा भाग डाऊनलोड करून ठेवा. फ्लाइट मोड चालू असला तरी बहुतेक मोबाईलचं जीपीएस चालतं, ते उपग्रहाकडून सिग्नल नुसता घेतं, पाठवत काही नाही, खिडकीशी धरलं की निळा ठिपका सरकताना दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर फोटोची वेळ आणि स्क्रीनशॉटची वेळ जुळवली की खाली काय होतं ते कळतं. अजिंठ्याचे डोंगर लागले की खानदेश संपला, ही जागा कॅप्शनसाठी फार सुंदर आहे, आपला मुलूख एवढ्यात संपतो हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं.

बोर्डिंग पास हातात धरून फोटो काढलाय, टाकू ना?

टाका, पण झाकून. त्यावर तुमचं नाव आणि सहा अक्षरी पीएनआर असतो आणि कितीतरी कंपन्यांच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं की बुकिंग उघडतं. परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर कुणीतरी त्यात ढवळाढवळ करू शकतो, शिवाय नंबर-ईमेल दिसू शकतात. नुसता पीएनआर झाकून भागत नाही, शेजारी जो काळा-पांढरा कोड असतो त्यात पण तीच माहिती भरलेली असते. तो पण झाका. मोबाईलमधल्या हायलायटरनं किंवा फिकट ब्रशनं खोडू नका, ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसतं. पूर्ण घट्ट रंगाचा चौकोन किंवा मोठा इमोजी चिकटवा, किंवा सरळ तेवढा भाग कापून टाका. अंगठा ठेवून फोटो काढला तर सगळ्यात बरं.

कधी टाकू, बसल्या बसल्या की उतरल्यावर?

उतरल्यावर. विमान कधी उशिरा निघतं, कधी रद्द होतं, "निघालो" टाकून दोन तास विमानतळावरच बसलं की लोकांचे फोन सुरू होतात. घराला कुलूप लावून सगळेच गेलेले असाल तर दोन दिवसांनी टाकलं तरी काही बिघडत नाही. आणि उशिरा लिहिलेलं कॅप्शन चांगलं होतं हे मी खूपदा बघितलंय, तोपर्यंत घरच्यांना चार वेळा सांगून झालेलं असतं आणि कोणती गोष्ट ऐकताना लोक हसले, कोणत्या ठिकाणी "मग काय झालं?" म्हणाले ते कळलेलं असतं. तीच लिहायची.

पुण्याला उतरल्यावर धावपट्टीवर फोटो काढला तर?

पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथं फोटो-व्हिडिओला बंदी असते आणि विमानातच तशी घोषणा होते. लढाऊ विमान दिसलं म्हणून मोबाईल काढू नका, चुकून आला असेल तर टाकू नका. फोटो बाहेर आल्यावर काढा, लेकीला मिठी मारतानाचा. बाकी प्रवासात सुद्धा केबिन क्रूनं मोबाईल ठेवा किंवा खिडकीचा पडदा खाली घ्या म्हटलं की तेव्हाच्या तेव्हा ऐकायचं.

केवढं मोठं लिहू?

दोन-तीन वाक्यं. इन्स्टावर सुरुवातीचं थोडंच दिसतं आणि बाकी "more" च्या मागे जातं, म्हणून "पहिल्यांदा" आणि कोण ते पहिल्या ओळीतच. स्टेटसला तर एकच वाक्य. इमोजी एखादा पुरे, विमानाचा तर नकोच, फोटोत आहेच की.

काही नमुने द्या, मी बदलून घेईन.

देतो, पण खरंच बदला, यातल्या गोष्टी तुमच्या बाबतीत झाल्या नसतील तर काही उपयोग नाही.

"पहिल्यांदा विमानात. पंख्याचा आवाज कमी झाला तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांचा हात धरला, नंतर खिडकीची जागा पण त्यांच्याकडूनच मागून घेतली."

"आबा, वय 71, पहिलं उड्डाण. धावपट्टीवर असेपर्यंत हनुमान चालिसा, वर गेल्यावर 'आपली विहीर कोणती रे त्यात?'"

"बायको म्हणाली घाबरू नका, आणि माझ्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ आहेत. दोघांचं पहिलं विमान, जळगाव ते गोवा."

"भ्याव वाटनं, पन मज्या उनी. पहिल्यांदा विमानात."

टाकल्यावर सगळे तिकीट कितीला पडलं एवढंच विचारतात. काय उत्तर देऊ?

खरं उत्तर द्या, किती दिवस आधी काढलं ते पण सांगा, कारण भाडं तारखेप्रमाणे बदलतं आणि नुसता आकडा ऐकून दुसरा माणूस आदल्या दिवशी बघायला गेला तर त्याला तुम्ही खोटं बोललात असं वाटेल. विमान रोज आहे का वारानुसार आहे ते बदलत असतं, त्यासाठी कंपनीच्या साइटवर बघा म्हणायचं. आणि कुणी विचारलं की भीती वाटते का हो, तर त्याला तो तिसरा क्षण आधीच सांगून ठेवा, आवाज कमी होतो तेव्हा विमान चढतच असतं म्हणून.